‘१,२’ वर तुटलेला संदेश: रक्कम, तारीख आणि अट अंदाजाने का भरू नये

फोर्टमधील आमच्या लहानशा कचेरीत लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचे, करार तयार करणे आणि त्यांची नोंदणी करून देणे हे मुख्य काम आहे. घरमालक कराराचे तपशील बहुधा मोबाइलवरून संदेशाने पाठवतात, आणि त्या संदेशांत एक अडचण पुन्हा पुन्हा येते: मजकूर मध्येच तुटतो, आणि जिथे तो तुटतो तिथे नेमकी रक्कम, तारीख किंवा एखादी अट असते. तुटलेला भाग मागच्या करारावरून किंवा अनुभवावरून भरून काम पुढे नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण नोंदणीची वेळ ठरलेली असते आणि मालक फोन उचलत नसतात. आमच्याकडे घडलेला एक प्रसंग येथे पूर्ण उलगडून सांगतो. त्यातील रकमा मी बदललेल्या आहेत, पण मजकूर तुटण्याची जागा मोजून तशीच ठेवली आहे.

काय आले होते

मुलुंडमधील एका सदनिकेचा जुना करार ३१ मे रोजी संपत होता आणि त्यानंतर नवीन कुटुंब राहायला येणार होते. मालकांनी साध्या एसएमएसने सूचना पाठवली. आमच्या टायपिस्ट ताईंच्या फोनवर एवढाच मजकूर दिसत होता:

> नमस्कार सर. नवीन करारात भाडे दरमहा ३८,५०० आणि अनामत रक्कम रुपये १,२

जुन्या करारात दरमहा ३५,००० रुपये आणि अनामत १,२०,००० रुपये होती. ताईंनी केलेला विचार कोणालाही पटावा असाच होता. भाडे बरोबर दहा टक्क्यांनी वाढलेले दिसते, अनामत मात्र मालक सहसा वाढवत नाहीत, आणि ‘१,२’ ही सुरुवात जुन्या रकमेशी तंतोतंत जुळते. म्हणून त्यांनी मसुद्यात १,२०,००० लिहिले. सुरुवातीची तारीख संदेशात नव्हती, तेव्हा जुना करार ३१ मे रोजी संपतो म्हणून १ जून धरली. सहा महिन्यांची लॉक-इनची अट, म्हणजे तेवढ्या काळात करार मध्येच सोडता येणार नाही ही अट, जुन्या मसुद्यात होती, ती तशीच राहू दिली.

तिन्ही ठिकाणी अंदाज चुकला होता. मालकांनी लिहिलेला पूर्ण संदेश असा होता:

> नमस्कार सर. नवीन करारात भाडे दरमहा ३८,५०० आणि अनामत रक्कम रुपये १,२५,००० धरावी. करार १ जुलैपासून ११ महिने. लॉक-इनची अट या वेळी ठेवायची नाही.

संदेश नेमका तिथेच का तुटला

एका एसएमएसमध्ये १४० बाइट एवढाच मजकूर मावतो. साध्या इंग्रजी अक्षरांसाठी प्रत्येकी सात बिट पुरतात, म्हणून त्यांत १६० अक्षरे बसतात. देवनागरी मजकूर सर्वसाधारणपणे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट घेऊन जातो, म्हणून एका संदेशात ७० चिन्हेच मावतात. येथे चिन्ह म्हणजे आपण डोळ्यांनी मोजतो ते अक्षर नव्हे. ‘स्का’ आपल्याला एक जोडाक्षर दिसते, पण त्यात स, हलन्त, क आणि काना अशी चार चिन्हे असतात.

मजकूर ७० चिन्हांपेक्षा मोठा झाला की त्याचे तुकडे केले जातात, आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ‘हा कितवा तुकडा, एकूण किती’ ही माहिती जोडावी लागते. ती सहा बाइट खाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे उरतात. वरच्या संदेशात ‘नमस्कार’मधील न पासून मोजत गेलो की सदुसष्टावे चिन्ह म्हणजे ‘१,२’ मधील २. पुढचा ५ दुसऱ्या तुकड्यात गेला. फोनने सर्व तुकडे मिळाल्यावर त्यांची जुळणी करायची असते. पण एखादा तुकडा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर काही फोन काहीच न दाखवता थांबतात आणि काही हाताशी आलेला तुकडाच दाखवतात. ताईंच्या फोनने हाताशी आलेला तुकडाच दाखवला.

यंत्राला मजकुराचा अर्थ ठाऊक नसतो. ते शब्दाच्या किंवा आकड्याच्या शेवटी थांबत नाही, सदुसष्टाव्या चिन्हावर थांबते. कधी कधी व्यंजन एका तुकड्यात राहते आणि त्याची मात्रा दुसऱ्यात जाते.

आकडा भाषेसारखा का भरता येत नाही

मजकूर ‘अनामत रक्क’ येथे तुटला असता, तर ‘रक्कम’ असे पूर्ण करण्यात काहीच चूक नव्हती. त्या जागी दुसरा शब्द बसत नाही आणि त्यावर कोणाचा हक्क अवलंबून नाही. वाक्यातील शब्द एकमेकांना धरून असतात, म्हणून एक गळला तरी शेजारचे त्याची साक्ष देतात. आकड्यातील अंकांना अशी साक्ष नसते. ‘१,२’ नंतर शून्यापासून नऊपर्यंत कोणताही अंक तितक्याच सहजपणे येऊ शकतो. अनामत लाखात आहे हे गृहीत धरले आणि ती हजारांच्या पटीतच असेल असे मानले, तरी १,२०,००० पासून १,२९,००० पर्यंत दहा रकमा शक्य राहतात. जुना करार त्यांपैकी एकीकडे बोट दाखवतो, पण मालकांनी या वेळी काय ठरवले हे जुन्या करारात लिहिलेले नसते. ते बदलले असेल म्हणूनच तर त्यांनी संदेश पाठवला.

रक्कम अक्षरी लिहिली म्हणजे धोका टळतो असेही नाही. मराठीत ‘एकोण’ येथे शब्द तुटला, तर तो एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ संख्यांपैकी कोणताही असू शकतो. ‘सा’ येथे तुटला, तर सात, साठ किंवा साडेतीनमधला साडे असू शकतो.

तारखेचे तसेच आहे. ‘१’ वर तुटलेला दिवस पहिला असेल किंवा दहा ते एकोणीसपैकी कोणताही. ‘ज’ वर तुटलेला महिना जानेवारी, जून किंवा जुलै असू शकतो. ‘जु’ एवढे दिसले तरी जुलै समजू नये, कारण घाईत ‘जुन’ असे ऱ्हस्व लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सर्वांत फसवी वाटते ती तारखेच्या मागची जागा, कारण मराठीत तारखेचा अर्थ ठरवणारा शब्द तारखेनंतर येतो. ‘३० जूनप’ एवढेच दिसले, तर ते ‘पासून’ असेल, ‘पर्यंत’ असेल किंवा ‘पूर्वी’ असेल. काना, रफार किंवा उकार पुढच्या तुकड्यात गेलेला असतो आणि हातात नुसता ‘प’ उरतो.

कायद्याच्या शब्दांत तर एकाच सुरुवातीतून विरुद्ध अर्थ निघतात. ‘मुदत’ येथे शब्द तुटला, तर मूळ शब्द मुदतवाढ असू शकतो, मुदतपूर्व असू शकतो आणि मुदतबाह्यही असू शकतो. ‘भाडे’ येथे तुटला, तर भाडेपट्टा की भाडेकरार हे कळत नाही, आणि लिव्ह अँड लायसन्स या दोहोंपेक्षा वेगळा दस्त आहे. बोलताना मालक लायसन्स फीला भाडेच म्हणतात, हे आम्हाला ठाऊक असते आणि मसुद्यात आम्ही ‘लायसन्स फी’ लिहितो. परंतु ते पूर्ण शब्दाचे जाणतेपणाने केलेले रूपांतर आहे. अर्धवट शब्द पूर्ण करणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा तुकडा आला तेव्हा

त्या दिवशीची खरी शिकवण मला येथे मिळाली. थोड्या वेळाने दुसरा तुकडा आला आणि संदेश असा दिसू लागला:

> … अनामत रक्कम रुपये १,२५,००० धरावी. करार १ जुलैपासून ११ महिने. लॉक-इनची अट या वेळी ठेवायची

ताईंनी लगेच अनामत आणि तारीख दुरुस्त केली. अटीकडे पाहून त्या म्हणाल्या, “लॉक-इन ठेवायची म्हणतात, म्हणजे आपला मसुदा बरोबर आहे.” हे वाक्य मराठीत पूर्ण आहे. ‘अट ठेवायची’ ही सरळ सूचना झाली. दुसऱ्या तुकड्याचे सदुसष्टावे चिन्ह ‘ठेवायची’मधील शेवटची वेलांटी होती, आणि तिसऱ्या तुकड्यात फक्त एक मोकळी जागा, ‘नाही’ हा शब्द आणि पूर्णविराम होता. तो तुकडा आलाच नाही.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर येतो. त्यामुळे शेपूट तुटलेले मराठी वाक्य अर्धवट वाटतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट अर्थाचे पूर्ण वाक्य बनते. ‘मंजूर करण्यात आले’, ‘परत करावी लागेल’, ‘बंधनकारक राहील’ या प्रत्येकापुढे ‘नाही’ असू शकते, किंवा ‘नाही’ जोडता येईल असे रूप असू शकते. म्हणून तुटल्याची खूण दिसत नाही याचा अर्थ संदेश तुटलेला नाही, असा घेता येत नाही.

चूक लक्षात आली ती ‘ठेवायची’ नंतर पूर्णविराम नाही यावरून. मालकांनी आधीच्या प्रत्येक वाक्याला पूर्णविराम दिला होता, शेवटच्यालाच नव्हता. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण विचारण्यास ते पुरेसे कारण होते.

तुटल्याचे ओळखायचे कसे

शंका आली की आम्ही मजकूर जसाच्या तसा एक्सेलच्या एका खान्यात चिकटवतो आणि शेजारी त्याची चिन्हे मोजतो.

```
=LEN(A1)
```

देवनागरी मजकुराची संख्या नेमकी ६७, १३४ किंवा २०१ आली, तर संदेश तुकड्याच्या सीमेवर संपला आहे असे समजून चौकशी करावी. आमच्या प्रसंगात पहिल्या वेळी ६७ आणि दुसऱ्या वेळी १३४ आले. पूर्ण संदेश १४० चिन्हांचा होता. निव्वळ इंग्रजी अक्षरांच्या संदेशासाठी हीच सीमा १५३ आणि ३०६ असते. मात्र इंग्रजी संदेशात `₹` हे चिन्ह एकदा जरी आले, तरी सगळा संदेश दोन बाइटांच्या हिशेबात जातो आणि त्याची सीमा देवनागरीसारखीच होते.

या मोजणीच्या मर्यादाही आहेत. मजकूर चिकटवताना शेवटची मोकळी जागा गळली तर संख्या एकाने कमी येते, आणि एखादा पूर्ण संदेश योगायोगाने १३४ चिन्हांचा असू शकतो. त्यामुळे ही संख्या शंका उभी करते. शंका फेडण्याचे काम पाठवणाऱ्यानेच करायचे असते. मधला तुकडा गळला असेल तर एकूण संख्येवरून काहीच कळत नाही. तेथे वाक्य अचानक दुसऱ्या विषयावर गेलेले दिसते, तेवढीच खूण असते.

इतर खुणा डोळ्यांना दिसतात. शब्दाच्या शेवटी अधांतरी हलन्त राहणे, स्वल्पविरामानंतर तीनपेक्षा कमी अंकांवर रक्कम संपणे, उघडलेला कंस बंद न होणे या त्या खुणा होत. शेवटी � असे चिन्ह दिसले तर कारण वेगळे असते: एखाद्या प्रणालीतील रकाना बाइट मोजून कापतो, आणि UTF-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून शेवटचे चिन्ह अर्धे कापले जाते. स्क्रीनशॉट आला असेल, तर तो सूचनेच्या पट्टीचा आहे का किंवा त्यात खाली `Read more` आहे का हे आधी पाहावे. अशा वेळी पूर्ण मजकूर मूळ फोनमध्ये शाबूत असतो आणि नुसते उघडून वाचायचे असते.

विचारायचे कसे

पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये त्याने लिहिलेला संदेश पूर्ण असतो, कारण तुकडे वाटेत हरवतात. म्हणून पहिली विनंती ‘तुम्ही पाठवलेला संदेश उघडून शेवटचे वाक्य वाचून दाखवा’ हीच असावी. मात्र तो तसाच पुन्हा पाठवा म्हटले, तर तो पुन्हा त्याच जागी तुटू शकतो.

ताईंनी मालकांना फोन लावला तेव्हा ते डोंबिवलीच्या गाडीत उभे होते. ताई विचारू लागल्या, “काका, लॉक-इन मागच्यासारखीच ठेवायची ना?” मी त्यांना खुणेने थांबवले. गर्दीत अर्धवट ऐकू येणारा माणूस ‘ना’ने संपणाऱ्या प्रश्नाला ‘हो, हो’ म्हणतो आणि आपला अंदाज त्याच्या तोंडून परत येतो. मग तो पुरावा असल्यासारखा वाटतो. ताईंनी प्रश्न बदलला: “काका, लॉक-इनबद्दल तुम्ही काय ठरवले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगता का?” ते म्हणाले, “नको आहे ती. त्यांची बदलीची नोकरी आहे, त्यांना अडकवायचे नाही.”

त्यानंतर आम्ही त्यांच्याकडून तीन वेगळे संदेश मागितले. एकात एकच बाब, प्रत्येक ७० चिन्हांच्या आत, ठरवणारा शब्द पुढे आणि शेवटी ‘समाप्त’:

> अनामत १,२५,००० (एक लाख पंचवीस हजार) रुपये. समाप्त

अंकी आणि अक्षरी रक्कम एकमेकींची तपासणी करतात, आणि ‘समाप्त’ दिसले म्हणजे शेपूट आले. अटीसाठी ‘लॉक-इन नको. समाप्त’ एवढेच पुरे झाले. फोनवर रक्कम घेताना आम्ही अंक सुटे वाचून घेतो, कारण सात आणि साठ, पंचवीस आणि पंचावन्न गोंगाटात सारखे ऐकू येतात.

उत्तर येईपर्यंत मसुद्यात काय लिहायचे

जागा रिकामी सोडावी आणि ती रिकामी का आहे हे तिथेच लिहावे. आम्ही पिवळ्या रंगात असे लिहितो: ‘अनामत रक्कम: खात्री बाकी. संदेश “१,२” येथे तुटला.’ आलेला तुकडा पुसत नाही, कारण नंतरच्या उत्तराशी तो जुळतो का हे पाहायचे असते. तात्पुरता आकडा म्हणून शून्य किंवा जुनी रक्कम टाकू नये. तात्पुरता आकडा दुसऱ्याच्या हाती गेला की खऱ्या आकड्यापासून वेगळा ओळखू येत नाही.

पुढच्या टप्प्यावर कोणीतरी चूक पकडेल, यावरही विसंबून राहता येत नाही. मुद्रांक शुल्काचे उदाहरण घ्या. अशा करारावर एकूण लायसन्स फी आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. अकरा महिन्यांची फी ४,२३,५०० रुपये होते. अनामत १,२०,००० धरली तर व्याज ११,००० रुपये आणि १,२५,००० धरली तर सुमारे ११,४५८ रुपये. पाच हजारांची चूक शुल्कात सव्वा रुपयाचाही फरक पाडत नाही, त्यामुळे हिशेब तपासणाऱ्याला ती दिसण्याचा मार्गच नसतो.

दस्तावर अंगठे उमटल्यानंतर मात्र ती चूक राहत नाही, ती कराराची अट होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्याच कलमाने मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आमचा १ जूनचा अंदाज दस्तात गेला असता, तर करार पुढच्या वर्षी ३१ मेऐवजी ३० एप्रिलला संपला असता. त्या कुटुंबाला रंगकामासाठी रिकाम्या ठेवलेल्या घराची जूनची फी लागू झाली असती, आणि मे महिन्यात ते आपल्या समजुतीने हक्काने राहत असताना कागदावर दरमहा ७७,००० रुपयांचे देणेकरी ठरले असते. दुरुस्तीसाठी दोन्ही पक्षांनी पुन्हा येऊन चूक दुरुस्ती पत्र नोंदवावे लागले असते, आणि वाद झाल्यावर त्यासाठी दुसरा पक्ष राजी होईलच असे नाही.

तेव्हापासून आमच्याकडे खात्री बाकी असलेली एक जागा जरी पिवळी असली, तरी मसुदा नोंदणीसाठी पुढे जात नाही आणि बायोमेट्रिकची वेळ पुढे ढकलली जाते. त्या दिवशी ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावर गेली. मालकांचे तिन्ही संदेश रात्री साडेआठला आले, तिन्हींच्या शेवटी ‘समाप्त’ होते.